मित्राच्या नव्या दुकानाला माल पुरवणाऱ्याने शुभेच्छा कशा लिहाव्यात

बेळगावच्या रविवार पेठेतून खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या नव्या दुकानदाराला होलसेलरच्या ज्या शुभेच्छा जातात, त्या बहुतेक वेळा दोनपैकी एका बाजूला घसरतात. एक तर फर्मच्या नावाचा तयार फोटो येतो. त्यात मित्राचे नाव सोडा, दुकानाचे नावही नसते. नाही तर भावनेच्या भरात 'लागेल तेवढा माल घे, पैशाचं नंतर बघू' असे लेखी दिले जाते आणि तिसऱ्या महिन्यात त्याच वाक्यावरून दोघांत तोंडे फिरतात. एकाच कागदावर दोन नाती असल्यामुळे असे होते. लिहिणारा मित्रही आहे आणि त्याच्या वहीत या दुकानाचे खातेही उघडलेले आहे. खालच्या पायऱ्या या दोन नात्यांची सरमिसळ टाळण्यासाठी आहेत.

पुढे एकच उदाहरण घेतले आहे आणि त्यातली नावे नमुन्यापुरती आहेत. रविवार पेठेतला किराणा होलसेलर सुभाष याचा शाळासोबती परशराम खानापुरात श्री रवळनाथ किराणा स्टोअर्स उघडतो आहे. दुकानाचे परवाने परशरामच्या बायकोच्या नावावर आहेत. पहिला माल निम्मा रोख आणि निम्मा २१ दिवसांच्या उधारीवर ठरला आहे. त्याच रस्त्यावरच्या आणखी दोन दुकानांनाही सुभाष आधीपासून माल देतो, आणि या शेवटच्या गोष्टीकडे लिहिताना कुणाचे लक्ष जात नाही.

१. लिहायच्या आधी काय गोळा करायचे

निमंत्रणाची पत्रिका समोर ठेवा. ती हाती नसेल तर तिचा फोटो मागवून घ्या. आठवणीवर विसंबून लिहू नका, कारण पहिली चूक दुकानाच्या नावातच होते. पाटीवर 'किराणा स्टोअर्स' असते आणि पुरवठादार सवयीने 'ट्रेडर्स' लिहून मोकळा होतो. पाटीवरचा 'श्री'सुद्धा नावाचा भाग आहे. बिलिंगसाठी जे नाव तुमच्याकडे नोंदले आहे त्यावरूनही उचलू नका. जीएसटी नोंदणीतले नाव आणि पाटीवरचे नाव पुष्कळदा वेगळे असते, आणि शुभेच्छा द्यायच्या त्या पाटीवरच्या नावाला.

दुसरी गोष्ट मालकीची. कागदोपत्री दुकान वहिनींचे असेल, किंवा भावाची भागीदारी असेल, किंवा वडिलांनी गाळा दिला असेल, तर पत्र मित्राला लिहूनही त्या माणसासाठी एक ओळ हवी. ती नसली की घरात लक्षात येते, फक्त तुम्हाला कोणी सांगत नाही.

तिसरी गोष्ट पत्रिकेच्या माथ्यावरची. तिथे '॥ श्री ॥' आहे, की लिंगायत घरातले 'श्री गुरु बसवलिंगाय नमः' आहे, की ७८६ आहे, हे पाहून मगच कार्डावर चित्र घ्यायचे की नाही ते ठरवा. सीमाभागात एकाच बाजारात सगळेच असतात. छापखान्यात तयार मिळणारे गणपती-लक्ष्मीचे कार्ड सरसकट सर्वांना देणे हा निव्वळ आळस आहे. शंका असेल तर साधे, बिनचित्राचे कार्ड घ्या.

चौथी गोष्ट, हे दुकान खरोखर नवे आहे का? जुने दुकान नव्या जागेत जात असेल किंवा दुसरी शाखा निघत असेल, तर 'नव्या व्यवसायाच्या पदार्पणास' ही ओळ वाचून मित्र हसेल.

तपासा: दुकानाचे नाव पत्रिकेवरून अक्षर-अक्षर लावून कागदावर लिहिले का? तारीख आणि मुहूर्ताची वेळ लिहिली का? घरातल्या कोणाचा उल्लेख हवा, ते ठरले का?

२. मार्ग निवडा आणि त्याप्रमाणे मजकूर वेगळा करा

हाताने लिहिलेले कार्ड हा मुख्य मार्ग. ते पाकिटातून जाते, घरात राहते आणि कधीकधी गल्ल्यामागे काचेत लागते. म्हणजे ते गिऱ्हाईकही वाचणार आहे, हे धरूनच लिहायचे. व्हॉट्सॲपवर त्याच मजकुरातली दोन-तीन वाक्ये पुरतात.

वर्तमानपत्रातल्या शुभारंभाच्या जाहिरातीखाली 'शुभेच्छुक' म्हणून पुरवठादारांची नावे येतात. तिथे फर्मचे नाव आणि गाव एवढेच द्या. जाहिरातीच्या खर्चातला वाटा उचलला म्हणजे शुभेच्छा दिल्या असे होत नाही. तो धंद्यातला व्यवहार आहे आणि कार्ड वेगळेच लिहायचे.

दुकानाबाहेर लावायचा शुभेच्छा फलक मित्राला विचारल्याशिवाय करू नका. कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्तीनंतर दुकानांच्या नामफलकावर ६० टक्के मजकूर कन्नडमध्ये असणे बंधनकारक आहे. नव्या दुकानदाराने आपली पाटी त्या हिशेबाने करून घेतलेली असते. तुमचा फलक नामफलक नसला, तरी त्याच दारावर पहिल्याच दिवशी निव्वळ मराठी मोठा फलक टांगला गेला, तर कुणी हरकत घेतल्यास उत्तर त्याला द्यावे लागते, तुम्हाला नाही. भाषेबद्दल तुमचे मत काहीही असो, दार त्याचे आहे. कार्ड मराठीतच लिहा, फलकाचा निर्णय त्याच्यावर सोडा.

३. चुकलेला मसुदा वाचा

अशा संदेशांचा नेहमीचा साचा हा असा असतो:

> प्रिय मित्र परशराम, आपल्या नूतन 'रवळनाथ ट्रेडर्स'च्या उद्याच्या शुभारंभास हार्दिक शुभेच्छा! नोकरी सोडून तू मोठं धाडस केलंस. खानापुरातलं एक नंबरचं दुकान होणार यात शंका नाही. काही काळजी करू नको, लागेल तेवढा माल घे, पैशाचं नंतर बघू. आमच्याकडे सर्व प्रकारचा किराणा होलसेल दरात मिळेल.

खाली फर्मचा शिक्का आणि जीएसटी नंबर.

नाव चुकले आहे, ते सांगून झाले. 'आपल्या' आणि 'तू' एकाच पत्रात आले आहेत. सुरुवात छापील कार्डातून घेतली आणि पुढे स्वतःचे लिहिले की हे होते. 'उद्या' हा शब्द कार्ड आदल्या दिवसानंतर केव्हाही वाचले की खोटा ठरतो, म्हणून तिथी किंवा तारीखच लिहावी.

'नोकरी सोडून' यात वाईट हेतू नाही, पण ज्या दुकानात परशराम आधी कामाला होता त्याचा मालकही कदाचित तुमचेच गिऱ्हाईक असेल. 'एक नंबरचं दुकान' हे त्याहून महाग पडते. त्याच रस्त्यावरचे तुमचे दोन जुने दुकानदार ते काचेत लागलेले पाहतील, किंवा तुमच्या स्टेटसवर वाचतील. त्यातला एखादा पुढच्या वसुलीला 'तुमच्या एक नंबरवाल्याकडूनच घ्या की पैसे' असे ऐकवायला कमी करणार नाही. कौतुक करायचे ते माणसाचे करा. दुकानांची तुलना पुरवठादाराने कधीच लिहू नये.

शेवटची जाहिरातीची ओळ आणि शिक्का यांनी सगळे कार्डच बिलासारखे करून टाकले आहे. राहिली उधारीची ओळ. तिच्यासाठी वेगळी पायरी लागते.

४. मदतीचे वाक्य: वस्तू, वेळ आणि माणूस

मित्र दुकान उघडतो आहे आणि आपण माल देतो, तेव्हा 'मी आहे' असे म्हणावेसे वाटणारच. ते जरूर म्हणा, पण वाक्यात तीन गोष्टी ठरवून टाका: कोणती मदत, कोणत्या वेळेपर्यंत आणि कोणाला सांगायचे. पैशाचा शब्द नको, उधारीचे दिवस नकोत, सवलत नको, 'कधीही' आणि 'लागेल तेवढा' तर मुळीच नको.

नव्या किराणा दुकानाला पहिल्या पंधरवड्यात खरी अडचण येते ती अंदाजाची. साखर पडून राहते आणि पोहे तिसऱ्या दिवशी संपतात. तेव्हा त्याला उधारीपेक्षा मधल्या फेरीचा माल जास्त उपयोगी पडतो. खानापूर बेळगावपासून सुमारे २५ किलोमीटर आहे. तुमची गाडी रोज जात असेल तर 'बारापर्यंत फोन कर, त्याच दिवशी पाठवतो' असे लिहिता येते. गाडी मंगळवारी आणि शुक्रवारीच जात असेल तर तेच वार लिहा. न पाळता येणारी वेळ लिहून ठेवण्यापेक्षा ही ओळ गाळलेली बरी.

सावधान: उधारीची मर्यादा आणि मुदत शुभारंभाच्या आधीच, समोरासमोर बसून ठरवा आणि वेगळ्या कागदावर दोघांकडे ठेवा. हे बोलणे झालेले नसेल तर कार्ड लिहायला बसू नका. न झालेले बोलणेच नकळत कार्डात उतरते.

५. आता लिहा

कार्डाला ६० ते ९० शब्द पुरतात. क्रम असा: दुकानाचे नाव आणि तिथी, मग मित्राबद्दल एक खरी, तपशिलाची गोष्ट, मग घरच्यांसाठी एक ओळ, मग मदतीचे वाक्य, शेवटी आशीर्वादाची छोटी ओळ आणि सही. मदतीचे वाक्य घरच्यांच्या ओळीनंतरच यावे. ते वर आले की सगळे पत्र धंद्याचे वाटू लागते.

तपशिलाची गोष्ट निवडताना एवढेच बघा की ती गिऱ्हाइकाने वाचली तरी दुकानाचे भलेच होईल. हिशेबातला चोखपणा, दिलेला शब्द पाळणे, सकाळी लवकर उठण्याची सवय, यांतले काहीही चालेल. शाळेतल्या खोड्या फोनवर बोला.

> प्रिय परशा,
>
> अक्षय्य तृतीयेला श्री रवळनाथ किराणा स्टोअर्स उघडतंय, फार आनंद झाला.
>
> शाळेच्या सहलीचा हिशेब तूच ठेवायचास आणि परत आल्यावर पै न् पै जुळायची. त्या हातात आता स्वतःचा गल्ला आलाय, याचं मला मोठं समाधान आहे.
>
> वहिनींना आमच्या घरच्या सगळ्यांच्या शुभेच्छा सांग. काकांना माझा नमस्कार.
>
> सुरुवातीच्या दिवसांत एखादा जिन्नस मध्येच संपला तर दुपारी बारापर्यंत मला फोन कर, त्या दिवशीच्या गाडीतून पाठवतो.
>
> दुकानाला बरकत येवो.
>
> तुझा,
> सुभाष

मित्राला रोज अरे-तुरे करत असाल तर कार्डातही 'तू'च ठेवा. अचानक 'आपण' लिहिले तर दुरावा वाटतो. बोलताना बेळगावी बोलीत 'काय करूलास' म्हणत असलात तरी कार्डात ते लिहायचे की नाही, ते तुमच्या दोघांवर आहे. एखादे वाक्य तसे आले तर गोड वाटते, सगळे पत्र तसे लिहिले तर थट्टा वाटू शकते. वहिनी आणि काकांसाठी मात्र आदराचेच रूप हवे.

सहीत आधी स्वतःचे नाव. फर्मचे नाव लिहायचेच असेल तर खाली बारीक अक्षरात, शिक्का न मारता. लेटरहेडवर किंवा बिलबुकाच्या कोऱ्या पानावर लिहू नका.

तपासा: कार्ड मोठ्याने वाचा. मग मनात त्या रस्त्यावरच्या दुसऱ्या दुकानदाराला उभे करा आणि पुन्हा वाचा. एखादे वाक्य त्याच्यासमोर वाचायला जड जात असेल तर ते काढा.

६. कन्नड ओळ घालायची असेल तर

मित्राचा गाळामालक, भागीदार किंवा सासर कन्नड बोलणारे असेल, तर एक कन्नड ओळ शोभते. 'निम्म होस अंगडीगे हार्दिक शुभाशयगळु' एवढी साधी ओळ पुरेशी आहे. तिचा अर्थ तुमच्या नव्या दुकानाला हार्दिक शुभेच्छा. कार्डावर ती कन्नड लिपीतच घ्या आणि कन्नड वाचता येणाऱ्या माणसाकडून पाठवण्याआधी वाचून घ्या.

कार्ड हाताने न लिहिता छापून घेत असाल, तर मुख्य घोळ छापखान्यात होतो. फोनवरचा मजकूर युनिकोडमध्ये असतो, आणि काही डीटीपीवाले अजून जुन्या फॉण्टवर काम करतात. मजकूर इकडून तिकडे नेताना जोडाक्षरे फुटतात, मराठीतली पहिली वेलांटी भलत्या अक्षरावर जाते, कन्नडमधले खाली लागणारे जोडाक्षर सुटे पडते. म्हणून फोनवरून मजकूर पाठवून 'छापा' असे सांगू नका. छपाईआधी पीडीएफ किंवा फोटो मागवा आणि 'श्री', 'स्टोअर्स', 'हार्दिक' हे शब्द बोट ठेवून वाचा. चुका बहुधा याच ठिकाणी सापडतात.

७. पाठवण्याआधी फोन आणि बिलिंगची तयारी

हा भाग कंटाळवाणा आहे आणि याच भागात चांगले लिहिलेले पत्रही वाया जाते.

बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून बाकीची आठवण आपोआप जात असेल, तर त्या खात्यापुरती ती बंद करा. सकाळी दहाला शुभेच्छा आणि साडेदहाला 'आपली बाकी रक्कम' असा मेसेज, हे वारंवार घडते. निम्मे पैसे रोखीने आधीच आलेले असतील तर त्यांची पावतीही आदल्या दिवशीच देऊन टाका.

व्हॉट्सॲप संदेश स्वतःच्या खासगी नंबरवरून पाठवा. फर्मच्या बिझनेस नंबरवर आपोआप उत्तर लावलेले असते. मित्र 'थँक्स रे' म्हणतो आणि त्याला 'आपल्या ऑर्डरबद्दल धन्यवाद' असे उत्तर जाते. शिवाय त्या नंबरवरच्या चॅटमध्ये शुभेच्छांच्या बरोबर वर दर आणि बाकीचे मेसेज दिसतात, आणि त्या दिवशी मित्राचा फोन दहा जणांच्या हातात फिरत असतो. ब्रॉडकास्ट यादीतून किंवा दुकानदारांच्या ग्रुपवर टाकू नका. स्टेटस ठेवायचेच असेल तर फक्त दुकानाचे नाव आणि शुभेच्छा, त्याहून एक शब्द जास्त नको.

वेळ: कार्ड आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत घरी पोचावे. व्हॉट्सॲप मुहूर्ताच्या तासभर आधी. शुभारंभ दिवाळी पाडव्याला असेल तर कार्ड आदल्या दिवशीच द्या आणि त्यात दिवाळीच्या शुभेच्छा मिसळू नका. सणाच्या शे-दोनशे मेसेजांत तुमचाही तसाच एक म्हणून निघून जाईल.

सावधान: कार्ड मालाच्या गाडीतून, चलनाला टाचणी लावून पाठवू नका. ते चलनाबरोबर फाईलला लागते आणि मित्राला महिन्याच्या हिशेबाला सापडते.

८. कार्डासोबत भेट आणि बोहनी

बेळगावहून कुंदा नेला तर कोणी नाही म्हणणार नाही, आणि त्यात काही बिघडण्यासारखेही नाही. आपल्याच गोदामातला माल भेट द्यायचा असेल तर तो पहिल्या बिलात शून्य दराने टाकू नका. भेट दिलेल्या मालावरचे इनपुट टॅक्स क्रेडिट जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार मिळत नाही, म्हणून तेवढे क्रेडिट उलटवावे लागते. आपल्या करसल्लागाराला तसे सांगून ठेवा. वजनकाटा देत असाल तर त्यावर वजनमापे खात्याची पडताळणी आणि शिक्का झाल्याची खात्री करूनच द्या. बिनशिक्क्याचा काटा दुकानात वापरला तर दंड मित्राला भरावा लागतो.

प्रत्यक्ष गेलात तर पूजा चालू असताना हस्तांदोलनाला पुढे होऊ नका. पूजा आटोपल्यावर काहीतरी विकत घ्या, रोख द्या, छापील किमतीला घ्या. 'माझाच माल मला काय विकतोस' हा विनोद त्या दिवशी प्रत्येक पुरवठादार करतो. मांडणीबद्दल, दराबद्दल, शेजारच्या दुकानाबद्दल तिथे सल्ला देऊ नका.

९. चूक निघून गेली तर

नाव चुकीचे छापले गेले असेल तर दुसरे कार्ड हाताने लिहून त्याच दिवशी द्या. व्हॉट्सॲपवर फक्त दुरुस्तीचा शब्द पाठवला तर चूक मागे तशीच उरते, म्हणून पूर्ण संदेश पुन्हा पाठवा आणि जुना 'सर्वांसाठी' पुसा.

'पैशाचं नंतर बघू' हे लिहून गेलेले असेल तर शुभारंभाच्या दिवशी ते दुरुस्त करायला जाऊ नका. चार-पाच दिवसांनी, दुसऱ्या ऑर्डरच्या आधी, भेटून ठरलेली मुदत पुन्हा सांगा आणि दुसऱ्या बिलावर देय तारीख छापून द्या. ती तारीख छापलेली असली की पुढची आठवण मित्राला बिल करून देते, तुम्हाला करून द्यावी लागत नाही.